बंद घराऐवजी शेजारचं घर

आमच्या विभागात व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तालीम सेमिनारच्या खोलीत व्हायची. तिचा एक नियम होता. ज्याचा थिसिस असेल, त्याच्या गाइडनं त्या दिवशी खोलीत यायचं नाही. गाइड समोर बसले की बाकीचे मनातलं विचारत नाहीत, हे कुणा जुन्या सीनिअरच्या लक्षात आलं असावं. मग बरोबरीचे आणि ज्युनिअर मिळून परीक्षक व्हायचे. प्रत्येकानं थिसिसचं एकेक प्रकरण वाचून यायचं आणि त्यातलं कच्चं शोधायचं. परीक्षार्थीला बसायला पाठ नसलेलं लोखंडी स्टूल.

त्या स्टुलावर बसायची पाळी आली तेव्हा माझी एमडीची लेखी परीक्षा झालेली होती. विषय सामुदायिक वैद्यकशास्त्र, ज्याला सगळे पीएसएम म्हणतात. थिसिस विद्यापीठाकडून मंजूर होऊन आला होता. प्रॅक्टिकल राहिलं होतं, आणि त्यातच चार परीक्षकांसमोर थिसिसवरची व्हायवा. बाकी सगळ्याची मला भीती होती, पण ती सोसण्यासारखी होती. व्हायवाची भीती निराळी होती. मी मुकुंदवाडीत, कामगारांच्या वस्तीत वाढले. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. मोठ्या माणसासमोर उभं राहून, तेही इंग्रजीत, आपण केलेल्या कामाची बाजू मांडायची, हे कसं करतात ते मी घरी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं साहेबानं काही विचारलं की मान खाली घालून 'चुकलं साहेब' म्हणायचं आणि विषय संपवायचा. ही सवय माझ्याही अंगात होती. वॉर्डात, कॅम्पमध्ये, कुठंही कुणी आवाज चढवला की माझ्या तोंडून आधी 'सॉरी सर' निघायचं आणि मग मी विचार करायचे की झालं काय.

माझा अभ्यास साधा होता. आमच्या विभागाचं शहरात एका वस्तीत आरोग्य केंद्र होतं. त्या वस्तीतल्या तिशीपुढच्या बायकांचा रक्तदाब मोजायचा. ज्यांचा जास्त निघेल, त्यांतल्या किती जणींना ते आधीपासून ठाऊक होतं आणि किती जणी औषध घेतात, ते पाहायचं. वस्तीतल्या घरांची यादी घेऊन ठरावीक अंतरानं एकेक घर निवडायचं. निवडलेलं घर बंद असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. तरीही बंद असेल तर शेजारचं घर घ्यायचं. हे आधी लिहून दिलं होतं, नीतिमत्ता कमिटीनं मंजूर केलं होतं, आणि मी त्याप्रमाणेच केलं होतं.

तालमीत माझा बरोबरीचा मित्र बाहेरचा परीक्षक झाला होता. तो अजिंठ्याकडचा. त्याचे वडील शाळेत शिक्षक होते आणि त्याचा आवाज मुळातच परीक्षकाचा. नमुन्यात किती बायका घ्यायच्या त्याचं सूत्र, रक्तदाब मोजायचं यंत्र, दंडाला बांधायच्या पट्ट्याची रुंदी, सगळं त्यानं विचारलं. ती उत्तरं मला पाठ होती. मी खिडकीकडं बघत का होईना, सांगत गेले.

"शाबास," तो म्हणाला. "आता मॅडम, पद्धतीचं प्रकरण, तिसरं पान. घर बंद असेल तर शेजारचं घर. म्हणजे चिठ्ठी निघाली एकीची आणि बोहल्यावर उभी राहिली दुसरीच?"

ज्युनिअर हसले. मीही हसले.

"दोनदा जाऊन पाहिलं होतं," मी म्हणाले.

"कधी?"

"दोन्ही दिवशी सकाळी."

"सकाळीच का?"

"गाडी सकाळी असते म्हणून."

विभागाची गाडी सकाळी साडेनऊला निघायची आणि जेवणाच्या वेळेला परत यायची. गाडीत इंटर्न, आम्ही आणि औषधांच्या पेट्या. आमच्याकडचा कुठलाही सर्वे त्या गाडीच्या वेळेत बसवायचा असतो. आजवरच्या सगळ्या थिसिसांचं तसंच झालेलं होतं, त्यामुळं त्यात काही वेगळं आहे असं मला वाटलं नव्हतं.

"आणि सकाळी साडेनऊनंतर कुठल्या बायका घरी असतात?" मित्रानं विचारलं.

"सॉरी," मी म्हणाले.

"अगं, सॉरी काय? उत्तर दे."

"कमिटीनं मंजूर केलेली पद्धत होती."

"कमिटीनं नीतिमत्ता तपासली. नमुना तुझा आहे." त्यानं थिसिस मिटला. आता त्याच्या आवाजात परीक्षक नव्हता. "हे कुणी विचारलं ना, तर अवघड आहे गं."

एका ज्युनिअरनं पंखा उगाच कमी केला.

मर्यादांच्या प्रकरणात मी तीन मर्यादा लिहिल्या होत्या. एकाच वस्तीतला अभ्यास. एकाच भेटीत मोजलेला रक्तदाब. कारण आणि परिणाम सांगता येत नाहीत अशी रचना. या तिन्ही खऱ्या होत्या, पण त्या माझ्या नव्हत्या. विभागाच्या कपाटातले जुने थिसिस काढले तर थोड्याफार फरकानं ह्याच मर्यादा सापडतात. सीनिअरनं ज्युनिअरला द्यायच्या वस्तूंमध्ये स्टेथोस्कोपच्या पिशवीसारख्या त्याही येतात. त्यांची उत्तरंही तयार असतात. बंद घरांबद्दल माझ्या थिसिसात पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ होती आणि पुढं कुठंच काही नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना मला कुणी समजावून सांगायची गरज राहिली नव्हती. माझी आई चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. सकाळी कंपनीची बस नाक्यावर येते, ती आईला घेऊन जाते, आणि आमच्या दाराला कुलूप लागतं. लहानपणापासून किल्ली माझ्याच दप्तरात असायची. मी ज्या वस्तीत सर्वे केला, तिथंही अशीच कुलपं होती. मी त्यांच्यासमोर उभी राहिले होते, फॉर्मवर 'बंद' लिहिलं होतं, शेजारीण पदराला हात पुशीत बाहेर आली होती आणि मी तिचा रक्तदाब मोजला होता. आमच्या गल्लीत माझ्यासारखं कुणी सर्वेला आलं असतं, तर आमच्या घराऐवजी शेजारच्या काकूंचं घर घेतलं गेलं असतं. काकू घरीच असतात, दवाखान्याच्या वेळेला दवाखान्यात जाऊ शकतात, आणि त्यांना त्यांचा रक्तदाब किती ते तोंडपाठ आहे.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडं गेले. मॅडम म्हणजे माझ्या गाइड. त्यांनी मला शून्यातून उभं केलं होतं. सिनॉप्सिसचं, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्याचं, इंग्रजी त्यांनी लाल पेनानं ओळ न् ओळ दुरुस्त केलं होतं आणि कधी आवाज चढवला नव्हता. मी बंद घरांचं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"हे मला माहीत नाही असं वाटतं का तुला?" त्या म्हणाल्या. "आपल्या सगळ्याच सर्वेंमध्ये हे आहे. गाडी संध्याकाळी मिळत नाही, ड्रायव्हरची ड्यूटी संपते. मुलींना संध्याकाळी वस्तीत पाठवायची जबाबदारी कुणी घेत नाही. काय करणार?"

"मग मर्यादांमध्ये हे सांगू का, मॅडम?"

"थिसिस मंजूर झालाय. त्यातलं अक्षर बदलता येणार नाही. मर्यादा तीन लिहिल्या आहेत, तीन सांग. विचारलं तर उत्तर दे. स्वतःहून काढू नकोस."

मी मान हलवली. पण उठले नाही. मॅडमनी चष्मा काढला.

"हे बघ. दुसरी कुणी असती तर मी म्हटलं असतं, सांग बिनधास्त. पण तू बोलायला लागलीस की माफी मागायला लागतेस. मी पाहिलंय. परीक्षकाला वाटेल हिला स्वतःच्याच कामावर भरवसा नाही. मग चौघं तेवढंच धरून बसतील. दीड वर्ष उन्हात फिरलीस ते सगळं बाजूला राहील. आणि नापास म्हणजे सहा महिने पुन्हा. परवडणारंय तुला?"

ते परवडणारं नव्हतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. घरचं सगळं माझ्या पास होण्याच्या पुढच्या दिवसावर येऊन थांबलं होतं.

तरी मला ते सोडवेना. आठवडाभर मी बाकीचा अभ्यास करत राहिले आणि मध्येच पुन्हा तिथंच यायचे. मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चल, निदान बघू तरी, तुझ्या बंद घरांबद्दल तुला ठाऊक काय आहे." आम्ही दोघं जुने फॉर्म घेऊन बसलो. घर बंद असलं की का बंद आहे ते शेजाऱ्याला विचारायचं, असा एक रकाना मीच ठेवला होता. बहुतेक ठिकाणी 'कामाला' असं लिहिलं होतं. काही घरं पहिल्या दिवशी बंद होती, पण दुसऱ्या दिवशी उघडी सापडली होती. कुणाची कंपनीची सुट्टी मधल्या वारी असते, कुणी आजारपणानं घरी राहिलेली. म्हणजे कामाला जाणाऱ्या काही बायका चुकूनमाकून माझ्या अभ्यासात आल्या होत्या.

"ह्यांना वेगळं काढ," मित्र म्हणाला. "ज्या सापडल्याच नाहीत त्या बायकांची हीच त्यातल्या त्यात जवळची खूण."

वेगळं काढलं. त्यांच्यापैकी ज्यांचा रक्तदाब जास्त होता, त्यांतल्या फार थोड्या जणींना ते आधी माहीत होतं. पहिल्या भेटीत सापडलेल्या बायकांपेक्षा बरंच कमी.

"लई भारी पॉइंट आहे हा!" मित्र टेबलावर थाप मारून म्हणाला. "डायरेक्ट फेकायचा व्हायवात."

मला तसं वाटलं नाही. बायका अगदी थोड्या होत्या. तेवढ्यावरून छातीठोक बोलता येणार नव्हतं, आणि हे गणित थिसिस दिल्यानंतर केलेलं होतं. पण एक झालं. आतापर्यंत मला फक्त काहीतरी चुकलंय असं वाटत होतं. आता चूक कुठल्या बाजूला गेली असेल, त्याचा अंदाज आला होता.

घरी मी आईसमोर बोलून बघायचे. ती लसूण सोलत बसायची आणि मी भिंतीला टेकून इंग्रजीत सगळं सांगायचे.

"कळतंय का तुला काही?" मी एकदा विचारलं.

"मला काय कळतंय? पर बरं वाटतंय ऐकायला. रेडिओवानी."

दोन-तीन दिवसांनी ती म्हणाली, "एक बोलू का? सगळं चांगलं बोलतीस. एका ठिकाणी आलीस की खाली बघतीस. रोज तिथंच. मला वाटतं, तू तिथं खोटं बोलतीस."

"खोटं नाही गं."

"मग वर बघून बोल की. खोटं नाय तर भ्यायचं कशाला? आमचा सुपरवायझर बी असाच हाय. मान खाली घातली की त्याला वाटतं, हिनंच माल पाडला."

मी हसले. ती तीच ओळ होती, बंद घराची. त्यानंतर मी ती ओळ आईच्या तोंडाकडं बघून म्हणायचा सराव केला. ती मुद्दाम डोळे वटारून बसायची. पहिल्या दिवशी मला जमलं नाही. मग जमायला लागलं. पण व्हायवात ती म्हणायची की नाही, ते मी ठरवलं नव्हतं.

व्हायवाच्या दिवशी आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर इस्त्रीचे पांढरे कोट घालून बसलो होतो. मित्राचा नंबर माझ्या आधी होता. तो बाहेर आला आणि नुसता हातानं 'ठीक' असं करून पाण्याच्या कूलरकडं गेला. मी आत गेले.

लांब टेबलामागं चौघं. दोघं आमच्या इथले, त्यांत एक मॅडम. दोघं बाहेरचे. बाहेरच्यांपैकी एक सर वयानं बरेच मोठे होते. माझा थिसिस त्यांच्यासमोर होता आणि त्यात कागदाचे तुकडे खुणेला घातलेले होते. व्हायवा इंग्रजीत झाली, मी इथं मराठीत लिहिते आहे.

नमुन्याचं सूत्र झालं. यंत्राचं झालं. ही उत्तरं तालमीतल्यासारखीच गेली. मग सरांनी विचारलं, "मर्यादा?"

मी तीन सांगितल्या.

"ह्या तीन मी प्रत्येक कॉलेजात ऐकतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "विभागाच्या मर्यादा झाल्या. तुझी एखादी आहे का?"

मॅडम टेबलावरच्या गुणपत्रिकेकडं बघत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. परीक्षक म्हणून बसल्यावर त्यांना पाहता आलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. सरांनी विचारलं होतं. म्हणजे मी स्वतःहून काढत नव्हते. पण त्या क्षणी मी हा हिशेब केला नाही. मला फक्त एवढं कळलं की 'नाही सर' म्हटलं तर ते खोटं ठरेल.

"आहे सर," मी म्हणाले. "माझा सर्वे सकाळी झाला. कामाला जाणाऱ्या बायकांची घरं तेव्हा बंद होती. त्यांच्याऐवजी मी शेजारच्या घरातल्या बायका घेतल्या. त्यामुळं माझ्या नमुन्यात घरी राहणाऱ्या बायका जास्त आहेत."

मी त्यांच्याकडं बघून बोलले. सगळ्या वाक्यांत नाही. पण शेवटच्या वाक्यात बघत होते.

सर खुर्चीत पुढं सरकले. "मग तुझे आकडे काय कामाचे?"

'सॉरी' जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. शेजारच्या परीक्षकांनी घड्याळ पाहिलं.

"रक्तदाब आहे हे ज्यांना माहीत होतं, त्यांचं प्रमाण मी जास्त दाखवलेलं असावं," मी म्हणाले. "दुसऱ्या भेटीत सापडलेल्या बायकांमध्ये ते कमी दिसतं. पण त्या फार थोड्या आहेत आणि हे मी थिसिस दिल्यानंतर पाहिलं. त्यावर निष्कर्ष काढता येणार नाही."

"आणि रक्तदाबाचं प्रमाण? तेही जास्त दाखवलंस?"

"ते मला सांगता येत नाही, सर."

"का?"

"कामाला जाणाऱ्या बायका वयानं लहान असतील, तर त्यांच्यात कमी असेल. पण कामाचा ताण, झोप, खाणं बघितलं तर जास्तही असेल. मी त्यांना मोजलेलंच नाही."

"संध्याकाळी का गेली नाहीस?"

"गाडी सकाळी असते. संध्याकाळची मी मागितली नाही."

त्यांनी थिसिसचं शेवटचं प्रकरण उघडलं, माझ्याकडं वळवलं आणि बोट ठेवलं. निष्कर्षाचं पहिलं वाक्य. त्यात 'शहरी वस्तीतील स्त्रियांमध्ये' असं होतं.

"हे वाक्य आज लिहायचं झालं तर कसं लिहिशील? बोलू नकोस. लिही."

त्यांनी एक कोरा कागद पुढं केला. मी उभ्यानं वाकून लिहिलं. अक्षर वाकडं आलं. 'शहरी वस्तीतील, सकाळच्या वेळी घरी आढळलेल्या स्त्रियांमध्ये' असं लिहून पुढचं वाक्य तसंच ठेवलं. सरांनी ते वाचून कागद मॅडमकडं सरकवला. मॅडमनी वाचला, दुसऱ्या परीक्षकांना दिला. तो कागद टेबलाच्या टोकापर्यंत जाईस्तोवर मी उभी होते. दीड वर्षाचं काम किती लहान झालं ते मला त्या कागदावर दिसत होतं. तरी ते मोडलं नव्हतं.

"ठीक आहे," सर म्हणाले. "पुढच्याला पाठव."

बाहेर येऊन मी बाकावर बसले. मित्रानं विचारलं, "काय झालं? काढलंस?" मी हो म्हटलं. "मग काय म्हणाले?" मला खरंच सांगता येईना. चांगलं म्हणाले नव्हते, वाईटही म्हणाले नव्हते.

निकाल लागेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते आठवत नाही. पास झाले. गुण साधारण होते. ते बंद घरांमुळं कमी झाले, वाढले, की त्यांचा काही संबंधच नव्हता, हे मला कधीच कळलं नाही. मॅडमना विचारायचा धीर झाला नाही. आईनं गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी सगळ्यात आधी त्यांचा रक्तदाब मोजून घेतला.

माझा थिसिस ग्रंथालयात आहे, त्याच जुन्या वाक्यासकट. बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष मी त्याच विभागात करते आहे. रुजू झाल्यावर महिन्याभरात मॅडमनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "त्या अभ्यासाचा लेख करायचा असेल तर वाक्य बदलून करू. आणि कामाला जाणाऱ्या बायकांचा वेगळा अभ्यास करायचा असेल तर सिनॉप्सिस लिही. गाडीचं मी बोलून पाहिलं. संध्याकाळी मिळणार नाही."

"माझी स्कूटी आहे, मॅडम."

"एकटी जाणार नाहीस. केंद्रावरच्या आशाताईंना विचार. आणि कमिटीची परवानगी नव्यानं."

परवानगी आली. पहिल्या संध्याकाळी आशाताईंना मागं बसवून आणि रक्तदाबाचं मशीन पुढं ठेवून मी वस्तीत गेले, तेव्हा दिवे लागायला आले होते. यादीतल्या पहिल्या घराची बाई नुकतीच आली होती. चपला अजून पायात होत्या, हातात भाजीची पिशवी. मी कशाला आले ते सांगितलं. संमतीचा कागद वाचून दाखवला. तिनं सही केली.

"लवकर मोजा मग. भाकरी टाकायच्यात," ती म्हणाली.

"आधी पाच मिनिटं शांत बसावं लागतं, ताई. त्याशिवाय बरोबर येत नाही."

"पाच मिनिटं?" ती माझ्याकडं बघत राहिली. मग आतल्या चुलीकडं बघितलं. "आता बसू म्हणता?"

मी फॉर्म मिटला आणि म्हणाले, "तुम्ही आधी भाकरी टाका. मी थांबते."

आशाताईंनी दारातली पोती सरकवली आणि आम्ही दोघी उंबऱ्याशी बसलो.